सोलर बसवून झाल्यावर मिळालेली फाइल: टेस्ट रिपोर्ट, ॲज-बिल्ट नकाशा आणि वॉरंटीचे कागद का जपायचे

प्रश्न: "घराच्या छतावर सोलर बसवून महिना झाला. २० पॅनेल आहेत, इन्व्हर्टर व्यवस्थित चालू आहे, ॲपवर युनिट दिसतात. बसवणाऱ्याने जाताना एक जाड फाइल हातात दिली. त्यात टेस्ट रिपोर्ट, कसलेसे नकाशे, वॉरंटीचे कागद आणि बरीच माहितीपत्रकं आहेत. यातलं खरंच काय ठेवायचं? सगळं नीट चालू असताना टेस्ट रिपोर्टचा मला काय उपयोग? फोटो काढून फाइल टाकून दिली तर चालेल का?"

फोटो जरूर काढा, पण फाइल टाकू नका. आणि फोटो काढायच्या आधी एकदा आत काय आहे ते वाचा, कारण जाड फाइल आणि पूर्ण फाइल यात बराच फरक असतो. मी छतावरच्या सोलरची तपासणी आणि दुरुस्ती करतो. बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी बसवलेल्या आणि काही वर्षं चाललेल्या प्लांटवर मला बोलावलं जातं. अशा ठिकाणी फाइल असली तर काम तासाभरात उरकतं, नसली तर छतावरची पॅनेल एकेक करून सोडवावी लागतात.

"सगळं चालू आहे" हे तुम्ही ॲपवरून म्हणताय. पण ॲपवर आज किती वीज निघाली एवढंच कळतं. ती जेवढी निघायला हवी होती तेवढी निघाली का, हे कळायला पहिल्या दिवशीची स्थिती कुठेतरी आकड्यांत लिहिलेली असावी लागते. टेस्ट रिपोर्ट म्हणजे तेच. सोलरमधले बरेचसे दोष प्लांट बंद पाडत नाहीत. वीज थोडी कमी येते, आणि ढग, धूळ, ऋतू यांच्या नावावर ती खपून जाते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. त्यातला प्लांट तुमच्याएवढाच होता.

घर विकत घेतलेल्या नव्या मालकांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे फक्त कोटेशनसोबतचा नकाशा होता. त्यावर दहा-दहा पॅनेलच्या दोन स्ट्रिंग दाखवलेल्या. (स्ट्रिंग म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली पॅनेलची माळ. प्रत्येक पॅनेलच्या व्होल्टेजची बेरीज होऊन ती इन्व्हर्टरला मिळते.) त्यांना ॲपवर दुसरी स्ट्रिंग पहिलीपेक्षा सतत कमी दिसत होती. माझ्याआधी आलेल्या तंत्रज्ञाने मीटर लावला. पहिल्या स्ट्रिंगवर ४८५ व्होल्ट आले, दुसरीवर ४०९. पॅनेलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज, ४९.५ लिहिलेलं होतं, म्हणजे दहांचे ४९५. त्याने हिशेब केला की पहिली स्ट्रिंग ठीक आहे, आणि दुसरीत ८६ व्होल्ट कमी म्हणजे दोन पॅनेल गेली. दुसऱ्या रांगेतली पॅनेल सोडवायला तो तयार झाला होता.

मी आधी जुन्या मालकांकडून फाइल मागवायला सांगितली. त्यांनी ती जपून ठेवली होती. त्यातल्या ॲज-बिल्ट नकाशावर, म्हणजे काम प्रत्यक्ष जसं झालं तसं दाखवणाऱ्या नकाशावर, दुसऱ्या रांगेतलं एक पॅनेल जिन्याच्या खोलीपलीकडे सरकवलेलं होतं. केबल जवळ पडते म्हणून ते पहिल्या स्ट्रिंगला जोडलं होतं. म्हणजे पहिलीत ११ पॅनेल आणि दुसरीत ९. छतावर उभं राहून हे दिसत नाही, कारण जोडण्या पॅनेलखाली असतात आणि वरून फक्त रांगा दिसतात.

टेस्ट रिपोर्टमध्ये बसवल्या दिवशीची नोंद होती: पॅनेलचं तापमान ५५ अंश, पहिली स्ट्रिंग ५०० व्होल्ट, दुसरी ४०९. हा आकडा लेबलशी कसा जुळतो ते पाहा. लेबलवरचं ४९.५ हे पॅनेल २५ अंशांवर असतानाचं असतं. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं. या पॅनेलच्या माहितीपत्रकात ते अंशाला ०.२७ टक्के दिलं होतं. ३० अंश जास्त म्हणजे सुमारे ८ टक्के कमी, म्हणजे एका पॅनेलचे साधारण ४५.५ व्होल्ट. अकरांचे ५००, नवांचे ४०९. रिपोर्ट खरा होता.

आम्ही मोजलं तेव्हाही पॅनेल ५५ अंशांच्या आसपासच होती. दुसऱ्या स्ट्रिंगवर ४०९, म्हणजे पहिल्या दिवशी होते तेवढेच. जिची पॅनेल सोडवायला तो तंत्रज्ञ निघाला होता ती ही स्ट्रिंग ठणठणीत होती. दोष निघाला तो जिला "ठीक" म्हटलं होतं तिच्यात. ५०० च्या जागी ४८५. हे १५ व्होल्ट म्हणजे एका पॅनेलचा बरोबर तिसरा हिस्सा. अशा पॅनेलमधले सेल तीन गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटाला मागच्या जंक्शन बॉक्समध्ये एक बायपास डायोड असतो. डायोड शॉर्ट झाला की त्याचा अख्खा गट बाद होतो. बाकीचं पॅनेल चालू राहतं, इन्व्हर्टर तक्रार करत नाही आणि ॲपवरही काही लाल होत नाही. थर्मल कॅमेऱ्याने पहिल्या स्ट्रिंगकडे पाहिलं तर एका पॅनेलचा एक-तृतीयांश पट्टा बाकीच्यापेक्षा गरम दिसला. तेवढं एकच पॅनेल सोडवलं. मीटरवर ३० व्होल्ट. शेजारच्यावर ४५.

आता या कामात कोणत्या कागदाने काय केलं ते पाहा, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये काय शोधायचं ते कळेल.

पहिला कागद टेस्ट रिपोर्ट. सोलरच्या चाचण्या आणि कागदपत्रांसाठी आयईसी ६२४४६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चांगला बसवणारा त्याच्या नमुन्यावर रिपोर्ट देतो. त्यात प्रत्येक स्ट्रिंगची वेगळी ओळ हवी: पॅनेल किती, ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट करंट, इन्सुलेशन रेझिस्टन्स, पोलॅरिटी. याशिवाय अर्थिंगची सलगता, तारीख, कुठल्या मीटरने मोजलं आणि कुणी मोजलं. पण बहुतेक रिपोर्टमध्ये नेमकी गाळलेली गोष्ट वेगळीच असते: मोजताना ऊन किती होतं आणि पॅनेल किती तापलं होतं. ते नसेल तर करंटचा आकडा जवळजवळ निरुपयोगी. लेबलवर १३.९ अँपिअर असलेलं पॅनेल ७० टक्के उन्हात ९.७ च दाखवणार, आणि ते अगदी निरोगी असणार. ऊन नोंदवलं नसेल तर पाच वर्षांनी ९.७ बघून कुणी काय ठरवायचं?

खोटा रिपोर्ट ओळखणं फारसं अवघड नाही. दोन्ही स्ट्रिंगचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील, किंवा व्होल्टेज लेबलच्या बेरजेइतकंच असेल, तर तो ऑफिसात बसून भरलेला आहे असं समजा. भर उन्हात पॅनेल २५ अंशांवर क्वचितच असतं. तसंच आकड्याच्या जागी नुसतं "ओके" लिहिलेलं असेल तर तो निकाल झाला, मोजमाप नव्हे. मला "ओके" चा काहीच उपयोग होत नाही.

हे इन्सुलेशन रेझिस्टन्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त जाणवतं. केबल आणि पॅनेलची वीज फ्रेमकडे किंवा जमिनीकडे गळत नाही ना, हे त्यात मोजतात. तुमच्यासारख्या प्लांटला किमान १ मेगाओहम चालतं. आता समजा बसवल्या दिवशी २०० होतं आणि आज ३ आहे. दोन्ही "ओके". पण २०० वरून ३ वर आलेली स्ट्रिंग सांगते की कुठेतरी केबल घासली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय. अशा प्लांटचा इन्व्हर्टर पावसाळी सकाळी उशिरा सुरू होतो, इन्सुलेशनची फॉल्ट दाखवतो, आणि दहा-अकरा वाजता सगळं वाळलं की गुपचूप चालू होतो. पहिला आकडा लिहिलेला असेल तर हे एक पावसाळा आधीच पकडता येतं. (रिपोर्टमध्ये आकड्याआधी "पेक्षा जास्त" असं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. मीटरची मोजायची हद्द संपली एवढाच त्याचा अर्थ.)

इथे एक अपवाद सांगायला हवा. तुमच्याकडे प्रत्येक पॅनेलखाली त्या-त्या पॅनेलची वीज वेगळी हाताळणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रो-इन्व्हर्टर असेल तर वरचा व्होल्टेजचा हिशेब लागू होत नाही. तिथे स्ट्रिंगवर दिसणारं व्होल्टेज वेगळ्याच नियमाने ठरतं आणि पॅनेलनिहाय आकडे ॲपवरच मिळतात. अशा वेळी टेस्ट रिपोर्टपेक्षा कुठला ऑप्टिमायझर कुठल्या पॅनेलखाली आहे तो नकाशा जास्त मोलाचा.

दुसरा कागद ॲज-बिल्ट नकाशा. फाइलमधला नकाशा खरंच ॲज-बिल्ट आहे की कोटेशनचाच पुन्हा छापला आहे, हे आधी तपासा. सोपी खूण म्हणजे काम करताना जे बदललं ते त्यात दिसतं का. कामाच्या दिवशी काहीतरी बदलतंच: इन्व्हर्टर सावलीत घेतला, केबल दुसऱ्या भिंतीवरून उतरवली, एखादं पॅनेल सरकवलं. हे नकाशावर नसेल तर तो जुना नकाशा आहे, मग त्यावर शिक्का काहीही असो.

चुकीचा नकाशा फक्त वेळ खात नाही, महागातही पडतो. वरच्याच प्लांटवर समजा मालकांना एक पॅनेल वाढवायचं असतं. कोटेशनच्या नकाशाप्रमाणे पहिल्या स्ट्रिंगमध्ये १०, म्हणून नवं धरून ११. पण तिथे खरोखर आधीच ११ होती, म्हणजे नवं धरून १२. त्या इन्व्हर्टरची डीसी व्होल्टेजची हद्द ६०० होती. लेबलप्रमाणे १२ पॅनेलचे ५९४ होतात, म्हणजे कागदावर बसतात. पण थंडीत व्होल्टेज चढतं. पहाटे पॅनेल १० अंशांवर असेल आणि उजाडलं की सुमारे ६१८ व्होल्ट इन्व्हर्टरच्या तोंडावर येतात. त्याने इन्व्हर्टर जळू शकतो, आणि हद्द ओलांडल्याची नोंद त्याच्या आतल्या मेमरीत राहिली की वॉरंटीही गेली. अकरा पॅनेल असती तर तो आकडा ५६७ च्या आत राहिला असता. एवढा सगळा फरक नकाशावरच्या एका रेघेचा.

नकाशात आणखी दोन गोष्टी बघा. एक, छताला कुठे-कुठे भोकं पाडून अँकर बसवलेत. चार वर्षांनी खाली ओल आली तर वॉटरप्रूफिंग करणारा हेच पहिलं विचारेल. दुसरी, डीसी केबल पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत नेमकी कुठून गेली आहे. इन्व्हर्टर बंद केला, मेन स्विच पाडला, तरी दिवसाउजेडी पॅनेलपासून आयसोलेटर स्विचपर्यंतच्या केबलमध्ये व्होल्टेज असतंच. भिंतीत ड्रिल मारणाऱ्याला आणि आग लागलीच तर अग्निशमनवाल्यांना ते माहीत असायला हवं. म्हणून सिंगल लाइन डायग्रामची, म्हणजे सगळी जोडणी एका रेघेत दाखवणाऱ्या आकृतीची, एक प्रत लॅमिनेट करून इन्व्हर्टरशेजारीच लावा. कपाटातली प्रत त्या क्षणी कुणाला सापडत नाही.

तिसरा गठ्ठा वॉरंटीचा. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, कारण "२५ वर्षांची वॉरंटी" हे एकच वाक्य त्यांच्या लक्षात राहतं. ती २५ वर्षं सहसा कामगिरीची असतात, म्हणजे इतक्या वर्षांनी पॅनेल मूळ क्षमतेच्या अमुक टक्के तरी देईल, एवढंच वचन. पॅनेलमध्ये बनावटीचा दोष निघाला तर लागते ती प्रॉडक्ट वॉरंटी. ती वेगळी, आणि पुष्कळ पॅनेलना त्याहून कमी वर्षांची असते. इन्व्हर्टरची तिसरी, आणि ती आणखी कमी. पॅनेल बसवण्याच्या कामाची, गळतीची, सैल स्ट्रक्चरची जबाबदारी बसवणाऱ्याची. ती पॅनेल कंपनी घेत नाही. तुमच्या फाइलमध्ये हे चार वेगळे कागद आहेत का ते बघा. बसवणाऱ्याच्या कामाची हमी बऱ्याचदा फक्त तोंडी असते. ती त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

आपल्या उदाहरणात डायोडचा दोष प्रॉडक्ट वॉरंटीत बसला. कंपनीने मागितलं ते असं: सदोष पॅनेलचा सीरियल नंबर, खरेदीचं बिल, प्लांट सुरू झाल्याची तारीख, लेबलचा फोटो आणि मोजमापं. सगळं फाइलमध्ये होतं, फक्त नवीन मोजमापं आम्ही जोडली. नवं पॅनेल मिळालं. ते छतावर चढवायची मजुरी आणि वाहतूक मात्र मालकांना द्यावी लागली, कारण वॉरंटीच्या बारीक अक्षरांत त्या गोष्टी नव्हत्या. तुमच्या कागदात त्या आहेत का ते आत्ताच बघून ठेवा, आणि वॉरंटी मूळ मालकाची की घर विकलं तर पुढच्याकडे जाते, तेही. यात कंपनीगणिक फरक असतो. मुदत कारखान्यातून निघाल्यापासून मोजायची की बसवल्यापासून, यातही.

सीरियल नंबरची यादी फाइलमध्ये नसेल तर ती मिळवण्याची वेळ आत्ताची आहे. लेबल पॅनेलच्या मागच्या बाजूला असतं. छताला टेकून बसवलेल्या पॅनेलखाली हात जात नाही, आणि उन्हापावसाने काही वर्षांत अक्षरं उडतात. बसवणारे बहुधा पॅनेल चढवताना लेबलचे फोटो किंवा बारकोड स्कॅन करतात, म्हणजे महिनाभरात ते त्यांच्या मोबाइलमध्ये अजून असतील. नुसती यादी नको. कुठला नंबर कुठल्या जागी, हे नकाशावर हवं. नाहीतर वीस नंबर हातात असूनही सदोष पॅनेल कुठलं हे शोधायला ते उचलावंच लागतं.

मूळ फाइल ठेवून सगळं स्कॅन करा. बिल थर्मल पेपरवर असेल तर ते आजच करा, कारण तो कागद दोन-तीन वर्षांत कोरा होतो. स्कॅनची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ईमेलवरही असू द्या. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या तुमच्याच मॉडेलची तांत्रिक माहितीपत्रकं ठेवा, कारण मॉडेल बंद झालं की कंपन्या ती वेबसाइटवरून काढून टाकतात आणि मग तो ०.२७ टक्क्यांचा आकडा कुठे शोधायचा? बाकी रंगीत जाहिरातवजा पत्रकं आणि एकाच मॅन्युअलच्या तीन-तीन भाषांतल्या प्रती रद्दीत गेल्या तरी चालतील.

आणि रिपोर्टमध्ये "ओके ओके" एवढंच निघालं तर? बसवणाऱ्याला फोन करा आणि आकड्यांसह चाचणी पुन्हा करून मागा. शेवटचा हप्ता बाकी असेल तर काम लवकर होईल, तो दिला असेल तर दोन-चार फोन जास्त लागतील. तो टाळतच राहिला तर दुसऱ्या कुणा जाणकाराकडून स्ट्रिंगनिहाय मोजमापं करून घ्या. पॅनेल महिनाभराचीच आहेत, म्हणून आजचे आकडेही पहिल्या दिवसाचे म्हणून चालतील. स्वच्छ ऊन असलेला दिवस निवडा, उन्हाची तीव्रता आणि पॅनेलचं तापमान नोंदवायला सांगा. डीसीवर स्वतः मीटर लावायला जाऊ नका. चारपाचशे व्होल्ट डीसीचा आर्क आपोआप तुटत नाही.

फाइलमध्ये सहसा नसते अशी एक गोष्ट त्याच फोनमध्ये मागून घ्या: इन्व्हर्टरच्या मॉनिटरिंग खात्याची मालकी. बऱ्याच ठिकाणी मुख्य खातं बसवणाऱ्याच्या नावावर असतं आणि मालकाला फक्त बघायची परवानगी. त्याने धंदा बंद केला तर वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. काही इन्व्हर्टरची वाढीव वॉरंटी कंपनीच्या पोर्टलवर ठरावीक मुदतीत नोंदणी केली तरच मिळते. ती नोंदणी झाली आहे का आणि कुणाच्या नावाने, हेही विचारा. एक महिना गेलाय, मुदत बहुधा अजून शिल्लक असेल.